फारसी म्हण आणि टाळीचा घोळ

अरे, फारसी कथेचं मराठी करताना 'यक दस्त सदा नदारद' म्हणजे एका हाताचा आवाज होत नाही, हे वाचलं की लगेच 'एका हाताने टाळी वाजत नाही' टाकू नकोस. शब्द जुळतात पण अर्थ भलतीकडंच जातोय की. आपल्याकडं ती भांडणात वापरतात, चूक दोघांचीपण आहे असं सांगायला, आणि फारसीत म्हणायचं असतं की एकट्यानं काम होत नाही, सगळ्यांनी हात लावा. म्हणजे कथेतला म्हातारा गावाला पाट साफ करायला बोलवालाय आणि तुझ्या मराठीत तो त्यांच्यावर भांडणाचा ठपका ठेवतोय! तिथं 'गाव करील ते राव न करील' बसते, फक्त आसपास खरा राजा-सरदार असेल तर नको, वाचणाऱ्याला उगाच टोमणा वाटतो.

'ज़ीरे बे केरमान बोर्दन' मात्र बदलूच नकोस. इराणातलं केरमान जिऱ्यासाठी प्रसिद्ध, तिथंच जिरं न्यायचं म्हणजे फुकटचा उद्योग. बेळगावला कुंदा न्यायचा असं लिहायचा मोह होतोय बघ, पण इराणी माणसाच्या तोंडात कुंदा कुठनं आला? 'जिऱ्याच्या केरमानात जिरं घेऊन निघालास होय?' असं लिही, तळटीपपण लागत नाही.