असाइनमेंटच्या फोटोतून कामांची यादी

“मॅडम, सरांनी असाइनमेंटच्या कागदाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला आहे. मी तो कितीतरी वेळा वाचला, पण नेमके काय काय करायचे आणि कशाला किती गुण आहेत, तेच लक्षात येत नाही. सुरुवात कुठून करू?”

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी याच अडचणीसाठी माझ्याकडे आली होती. तिच्या उदाहरणावरून ही रीत चांगली समजेल. कागदावर एकच लांब वाक्य होते: “एका महिला बचत गटाच्या कर्जव्यवहाराचे विश्लेषण करा, त्याची दुसऱ्या गटाशी तुलना करा आणि दोन सुधारणा सुचवा.” त्याखाली २००० शब्दांची मर्यादा, गुणांचा तक्ता आणि बारीक अक्षरांतील सूचना होत्या. तिने गटाची स्थापना आणि त्याचा इतिहास यांवरच ९०० शब्द लिहून ठेवले होते.

मजकुराकडे वळण्याआधी आम्ही फोटोच्या चारही कडा पाहिल्या. खालच्या कोपऱ्यात “पृष्ठ १” एवढेच दिसत होते आणि पुढचा भाग कापला गेला होता, त्यामुळे मागे आणखी एखादे पान असण्याची शक्यता होती. कागदाची घडी नेमकी तारखेवरून गेल्याने १३ आहे की १८, हेही ठरत नव्हते. ग्रुपवर पाठवलेल्या फोटोचा आकार आपोआप कमी होऊन बारीक अक्षरे पुसट होतात. म्हणून मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवण्याची विनंती तिने वर्गप्रतिनिधीला केली आणि तेव्हा दुसरे पान मिळाले. फोनने फोटोतला मजकूर उचलून दिला, तरी त्यातला प्रत्येक आकडा मूळ फोटोशी डोळ्यांनी ताडून पाहावा, कारण एखादे शून्य गळले तरी वाक्य वाचताना ते जाणवत नाही.

कामे वेगळी काढण्यासाठी तिला फक्त क्रियापदांखाली रेघ मारायला सांगितले. विश्लेषण करा, तुलना करा, सुचवा, अशी तीन कामे निघाली. ‘दुसऱ्या गटाशी’ या दोन शब्दांत आणखी एक काम होते: तुलनेसाठी दुसरा गट शोधून त्याची माहिती मिळवणे. ते तिच्या मनातही आले नव्हते.

गुणांच्या तक्त्यात विश्लेषणाला ४०, तुलनेला ३०, सुधारणांना २० आणि संदर्भ व मांडणी मिळून १० गुण होते. गटाच्या इतिहासाचे नावही त्यात नव्हते. संदर्भ व मांडणीला स्वतंत्र शब्द लागत नाहीत, म्हणून प्रस्तावना आणि समारोप यांना मिळून २०० शब्द ठेवले आणि उरलेले १८०० शब्द ९० गुणांत वाटले. विश्लेषणाला ८००, तुलनेला ६०० आणि सुधारणांना ४०० शब्द आले. हा नियम नव्हे, अंदाज आहे. पण लिहून ठेवलेल्या ९०० शब्दांचे काय करायचे, हे त्यातून तिला न सांगता कळले. इतिहासाचा तिने एक परिच्छेद ठेवला.

संपूर्ण असाइनमेंटला त्या विषयाच्या एकूण गुणांत ३० टक्के भार होता. म्हणजे संदर्भ व मांडणीचे १० गुण विषयाच्या शंभरात ३ ठरतात. उशिराच्या प्रत्येक दिवसाला असाइनमेंटच्या शंभरातून ५ गुण कापले जाणार होते, त्यामुळे दोन दिवसांचा उशीर तेवढेच नुकसान करतो. शेवटच्या रात्री संदर्भसूची सुधारत बसावे की आहे तसे वेळेत द्यावे, असा प्रश्न आला तर हा हिशेब उपयोगी पडतो.

सर्वांत महत्त्वाची ओळ दुसऱ्या पानावर, सादरीकरणाच्या नियमांत होती: मुलाखत दिलेल्या महिलांची सही असलेले संमतीपत्र जोडले नसेल, तर असाइनमेंट तपासली जाणार नाही. पीडीएफ करणे आणि फाइलला हजेरी क्रमांकाचे नाव देणे ही शेवटच्या दिवसाची कामे; संमतीपत्र मात्र मुलाखतीच्या वेळीच घ्यावे लागते. म्हणून नियमांचा भाग वाचताना प्रत्येक ओळीसमोर ‘हे केव्हा करावे लागेल’ असे लिहावे. तिच्या यादीत संमतीपत्राचा नमुना छापून घेणे पहिल्या क्रमांकावर गेले आणि गटाच्या मासिक बैठकीची तारीख विचारणे दुसऱ्या क्रमांकावर, कारण सगळ्या महिला तेव्हाच एकत्र भेटतात.

फोटोतून न सुटणाऱ्या दोन गोष्टी उरल्या. कागदावर संदर्भसूची आणि परिशिष्ट शब्दसंख्येतून वगळले होते, पण तक्त्यांतील मजकुराबद्दल काहीच म्हटले नव्हते. आणि तारखेचा घोळ होताच. अशा जागी अंदाजाने आकडा भरू नये, यादीत तिथे प्रश्नचिन्हच ठेवावे. तिने सरांना एकच छोटा ईमेल लिहिला: “सर, तक्त्यांतील शब्द २००० मध्ये धरायचे का? आणि अंतिम तारीख १३ आहे की १८?” दुसऱ्या दिवशी उत्तर आले: तक्ते धरायचे, तारीख १३. तेव्हा कर्जफेडीचा मोठा तक्ता तिने परिशिष्टात हलवला आणि मुख्य मजकुरात त्यातल्या फक्त थकबाकीच्या ओळी ठेवल्या.