मामांना उसने पैसे नाकारताना

ऑक्टोबरात द्राक्षांच्या गोडी छाटणीच्या तोंडावर निफाडहून मामांचा फोन येतो, "पन्नास हजार दे, माल निघाला की देतो." तिथे "बघतो" म्हणू नका. ते होकार समजून मजूर सांगून बसतात, मग चार दिवसांनी आलेला नकार जास्त लागतो. त्याच दिवशी फोन करा, मेसेज नको: "मामा, मला पैसे देणं जमणार नाही. आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला दुसरीकडे बघता येईल." एवढंच. एफडीचं कारण दिलंत, तर मुदत संपली की पुन्हा विचारणा होते. मागच्या हंगामाचे पैसे कुठे गेले, हे तर विचारूच नका. नकारापेक्षा तेच जिव्हारी लागतं. पुन्हा गळ घातली, तर तेच वाक्य त्याच सुरात. मग मामींच्या गुडघ्याची चौकशी करा, मनापासून.