मशीन थांबू द्या, आधी संस्थेचा दर वाढवा

प्रश्न : कराडला माझे स्टेशनरी आणि छपाईचे दुकान आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, प्रमाणपत्रे अशा महिन्याला सुमारे 4,000 रंगीत शीट (12×18) मी कोल्हापूरहून पोहोच धरून 15 रुपयांना छापून आणतो आणि 20 ला देतो. त्यातले निम्मे काम एका शिक्षणसंस्थेचे. जुने गिऱ्हाईक म्हणून त्यांना 16 रुपये. बिल चार-पाच महिन्यांनी मिळते, तोवर कॅश क्रेडिट वापरतो (12 टक्के). आता 6 लाखांचे वापरलेले डिजिटल मशीन घेतोय. विक्रेता म्हणतो शीट 9 रुपयांत पडेल, दोन वर्षांत मशीन फुकट. कर्ज बँकेचे घ्यावे (10.5 टक्के) की फायनान्स कंपनीचे (14 टक्के)? बँक सोबत वर्षाला 50,000 हप्त्याची विमा पॉलिसी घ्या म्हणते.

उत्तर : पाच वर्षांच्या कर्जावर दोन्ही हप्त्यांत महिन्याला जेमतेम हजार रुपयांचा फरक आहे. बँकेची पॉलिसी गळ्यात पडली तर तो फरक तिप्पट उलटा होतो. कर्जासाठी पॉलिसीची सक्ती बँकेला करता येत नाही. "हे लेखी द्या" म्हणा, विषय तिथेच संपेल. मशीनचा आणि दुकानातल्या मालाचा आगीचा विमा मात्र कर्ज असो-नसो काढाच.

आता विक्रेत्याचा हिशेब. 15 वजा 9, गुणिले 4,000, म्हणजे महिन्याला 24,000. दोन वर्षांत पावणेसहा लाख. ऐकायला गोड आहे, पण यात हप्ता नाही, मशीन चालवणारा माणूस नाही आणि खराब जाणारा कागद नाही. हप्ता 13,000, ऑपरेटर 12,000, वीज, एसी आणि दुरुस्तीसाठी बाजूला 5,000 धरले की महिन्याला 30,000 रुपये एकही शीट न छापता लागतात.

कागद वाया जातो तो थोडा-थोडा, म्हणून दिसत नाही. रंग जुळवायला चार शीट, पाठपोट सरकली की दहा, पावसाळ्यात रीम उघडी राहिली की कागद ओल धरून वाकतो आणि मशीनमध्ये अडकतो. जाड कार्ड कागदाच्या धाग्याला आडवे दुमडले की घडीवर टोनर तडकून पांढरी रेघ उमटते. ती पत्रिका गिऱ्हाईक घेत नाही. आठ टक्के नासाडी धरा, 9 ची शीट पावणेदहाला पडते. कोल्हापूरवाला तुम्हाला फक्त चांगली शीट देतो, बिघडलेली त्याच्या माथी, हे 15 रुपयांत आलेच. म्हणजे खरी बचत सव्वापाच रुपये, 4,000 शीटवर 21,000. खर्च 30,000. दरमहा 9,000 खिशातून घालाल. बरोबरी व्हायलाच 5,700 शीट लागतात.

पण तुमच्या पत्रातली मोठी चूक मशीन नाही, ते "जुने गिऱ्हाईक" आहे. संस्थेच्या शीटमागे तुम्हाला एक रुपया सुटतो, महिन्याला 2,000. त्यासाठी पाच महिन्यांचे काम, म्हणजे तुमचे दीड लाख रुपये, कायम त्यांच्याकडे अडकलेले. त्यावरचे व्याजच महिन्याला 1,500. उरले 500! त्यात प्रूफ दाखवायच्या फेऱ्या, नावांच्या दुरुस्त्या आणि हेडमास्तरांच्या सहीसाठी बाकावर बसणे. असे गिऱ्हाईक वारंवार येते यात नवल काय? आणि याच कामाच्या भरवशावर तुम्ही 6 लाखांचे कर्ज काढताय.

नव्या सत्राच्या आधी संस्थेला लेखी दरपत्रक द्या : शीट 19 रुपये, एकाच कामात दोनपेक्षा जास्त दुरुस्त्या झाल्यास वेगळे पैसे, बिल 45 दिवसांत. उद्यम नोंदणीत छपाई दाखवलेली असेल तर लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्याने लेखी करारातही 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत देता येत नाही. नुसता व्यापार म्हणून नोंद असेल तर हा आधार मिळत नाही, तेव्हा प्रमाणपत्र काढून बघा. संस्था नाही म्हणाली तर महिन्याचे 500 गेले आणि उधारी वसूल होईल तसे दीड लाख मोकळे झाले. हो म्हणाली तर तेच काम महिन्याला 8,000 देईल.

सुट्या कामांतही शीटवर दर लावणे सोडा. 25 व्हिजिटिंग कार्डांना आणि 500 कार्डांना डिझाइन, प्रूफ आणि कटिंगची मांडणी सारखीच लागते. तिथे आधी ठरावीक 150-200 रुपये लावा, मग वर शीटचे पैसे.

मशीन कधी? संस्थेचे काम वगळून, लग्नसराईबाहेरच्या सलग तीन महिन्यांत दरमहा 6,000 शीट खपल्या तर. त्या वेळी विक्रेत्याकडून काउंटरचा आकडा, ड्रम आणि फ्यूजर कधी बदलले आणि शीटमागे देखभालीचा दर, हे सगळे कागदावर घ्या. 9 रुपये तोंडी सांगणारा कागदावर किती लिहितो ते बघा.