पुरात भिजलेला पासपोर्ट चालेल का?

पासपोर्ट भिजल्यावर लोक पहिल्यांदा फोटो पाहतात. तुम्ही मात्र माहितीच्या पानाच्या तळाशी असलेल्या, प्रत्येकी 44 अक्षरांच्या दोन ओळी आधी पाहा. यंत्र त्याच वाचते, आणि त्यावरची शाई पसरली किंवा प्लॅस्टिकचा थर कडेने सुटून आत पाणी गेले, तर फोटो स्वच्छ असूनही फेरफाराचा संशय येतो.

2019 च्या पुरात कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एखाद्या घरी तळकप्प्यातला पासपोर्ट भिजला, असे धरा. माहितीचे पान शाबूत आहे, पण मधले एक पान अर्धे फाटले आहे आणि शिक्के पसरले आहेत. असा पासपोर्ट परदेशातील अधिकारी स्वीकारेलही. तो निर्णय सर्वस्वी त्याचा असतो. मात्र फाटलेल्या पानावरून व्हिसाचा जुना नकार किंवा मुक्कामाची नोंद लपवली असावी, अशी शंका त्याला येऊ शकते, आणि बहुधा त्याआधीच विमान कंपनी तुम्हाला अडवते, कारण प्रवासी परत पाठवला गेल्यास भुर्दंड तिलाच पडतो. वकिलातीत व्हिसाचा अर्ज देण्यापूर्वीच पासपोर्ट बदलून घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी ‘रि-इश्यू’च्या अर्जात खराब झाल्याचे कारण निवडून परिशिष्ट ‘एफ’चे प्रतिज्ञापत्र जोडावे. क्रमांक व नाव वाचता येत असेल आणि फोटो शाबूत असेल, तरच तत्काळचा मार्ग खुला राहतो. चिकटपट्टी, इस्त्री किंवा लॅमिनेशन करू नये. ती दुरुस्तीच छेडछाड ठरू शकते.