एफ मायनरचे दोन बार

प्रश्न : मी गिटारवर जी मेजरमध्ये गाणी लिहितो. शेवटच्या कोरसआधी ब्रिज टाकतो, पण तो तिसऱ्या अंतऱ्यासारखाच वाटतो. सूर आणि भाव दोन्ही पालटतील आणि मग कोरस परत येईल, असा ब्रिज कसा लिहायचा? की सरळ पट्टी चढवू?

पट्टी चढवू नका. निदान आधी तरी नको. हेच वाक्य मी एका निर्मात्याला वडशाच्या तालमीत सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही आणि माझा ब्रिज कापला. ते आजही मनातून गेलेलं नाही, म्हणून जरा लांबण लागेल.

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. दिवाळी झाली, गावोगाव मंडईच्या जत्रा भरू लागल्या की आमचा हंगाम सुरू होतो. रात्री दहाला पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत नाटक चालतं. वादक रंगमंचासमोरच बसतात, त्यामुळे गाणं पडलं की उठलं हे पाठीमागच्या सतरंजीवरून लगेच कळतं. एका हंगामात मला एका नव्या नाटकाचं गाणं बसवायला दिलं. मुलगा हैदराबादेकडे कामाला निघून गेला आहे, वर्ष झालं, फोन नाही, आणि बाप त्याची वाट पाहतो आहे. ध्रुवपद असं होतं :

परत ये रे पोरा, दार उघडंच आहे
तुझ्या वाटचा भात अजून चुलीवर आहे

पट्टी पांढरी एक, म्हणजे तुमच्या भाषेत सी मेजर. कॉर्ड साधे : सी, ए मायनर, एफ, जी, एकेका बारला एकेक. पहिल्या अंतऱ्यात धानाची बांधी, रोवणा, एकटा राबणारा बाप. दुसऱ्यात आई. मग मी ब्रिज लिहिला आणि तुम्ही करता तीच चूक केली. शब्दांत आणखी एक चित्र घातलं, गावच्या एसटी थांब्याचं. कॉर्ड फक्त उलटसुलट केले : ए मायनर, एफ, सी, जी. चाल थोडी वर नेली. तालमीत गायक म्हणाले, "हा तिसरा अंतरा छान जमला गा." त्यांनी कौतुकच केलं होतं, पण माझं पाणी पाणी झालं.

घरी येऊन ते आठ बार पुन्हापुन्हा वाजवले तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे तिसऱ्याच बारला सी येत होता. सी म्हणजे या गाण्याचं घर. कान मधेच घरी जाऊन बसला तर कोरसला परत यायला जागा उरत नाही. तुम्ही जीमध्ये लिहिता, तर तुमच्या ब्रिजमध्ये जी मेजर कितीदा येतो ते आधी मोजा. एकदाही आला तरी मला तो खटकेल.

दुसरी गोष्ट शब्दांची. एसटी थांबा हे वाट पाहण्याचंच आणखी एक चित्र होतं. ब्रिज काढून टाकला असता तर शेवटच्या ध्रुवपदाचा अर्थ तसूभरही बदलला नसता. ही चाचणी तुम्हीही करा : दुसरा अंतरा संपताच थेट शेवटचा कोरस म्हणा. काहीच कमी पडलं नाही तर तुमच्याकडे ब्रिज नाहीच, नुसतं जास्तीचं कडवं आहे.

मग मी विचार केला की हा बाप अजून काय बोललेला नाही. दोन्ही अंतऱ्यांत तो स्वतःबद्दल काहीच सांगत नाही. मुलगा का गेला, हेही नाही. म्हणून त्याच्या तोंडी हे घातलं :

जा म्हणालो... मीच
बांधीत उभा राहून
तू वळून पाहिलंस
मी नाही...

चौथी ओळ मुद्दाम अर्धी ठेवली. याच्यानंतर तेच ध्रुवपद, तेच शब्द, पण आता "दार उघडंच आहे" म्हणजे माफी झाली. ध्रुवपदाचं एक अक्षरही बदलावं लागलं नाही. आणि अक्षरं किती कमी झाली ते बघा. ध्रुवपदाच्या एका ओळीला जेवढी अक्षरं लागतात, तेवढ्यात इथल्या दोन ओळी बसतात. ठेका तोच ठेवून शब्द विरळ केले की ऐकणाऱ्याला माणूस थांबून बोलतोय असं वाटतं.

आता सूर. आठ बार घेतले, एका मात्रेला एक ठोका धरला तर केरव्याची चार आवर्तनं. एफ दोन बार, एफ मायनर दोन बार, ई मायनर दोन बार, जी दोन बार. सी कुठेच नाही.

यातली सगळी जादू तिसऱ्या बारला आहे. एफ मेजर म्हणजे म, ध, सा. त्यातला धैवत कोमल केला की एफ मायनर होतो. बाकी दोन बोटं जागची हलत नाहीत. गाणं सगळं शुद्ध सुरांत चाललेलं असताना अचानक एक सूर अर्ध्याने खाली बसतो आणि बापाचा आवाज आतून दबल्यासारखा होतो. पुढे ई मायनरला जाताना तिन्ही बोटं एकेक पट्टी खाली सरकतात : म चा ग, कोमल ध चा प, सा चा नि. कॉर्ड अख्खाच्या अख्खा खाली उतरतो. मग जी, आणि आठव्या बारला त्यात म मिसळायचा, म्हणजे जी सेव्हन्थ. तो मध्यम ग वर उतरायला आणि निषाद सा वर चढायला धडपडत असतो. तिथेच ढोलक, ऑक्टोपॅड सगळं थांबवलं. शेवटच्या ध्रुवपदाची पहिली ओळ नुसता गळा आणि खाली ऑर्गनचा धरलेला सी. ढोलक दुसऱ्या ओळीला.

तालमीत गाडी अडली ती आमच्या हार्मोनियमच्या मास्तरांपाशी. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, पहिले सूर त्यांनीच हातात दिले. ते म्हणाले, "हा धैवत कायले उतरवला गा? गाणं तं शुद्ध सुरातलं हाये."

मी म्हटलं, "मास्तर, दोनच बार आहेत."

"सूर एक मात्रा चुकला तरी चुकलाच."

आणि त्या दिवशी ते बरोबर आहेत असंच सगळ्यांना वाटलं. कारण माझी चाल तिथे म, ध, प अशी होती आणि गायकांच्या गळ्यात तीस वर्षांचा शुद्ध धैवत मुरलेला. खाली मी कोमल धरतोय आणि वर ते शुद्ध गातायत, दोन्ही एकमेकांना खेटून. भातात खडा लागावा तसं झालं. तुमच्या ब्रिजमध्ये नेमकं याच जागी करकर ऐकू आली तर कॉर्डला दोष देऊ नका, आधी गळा कुठला सूर घेतोय ते तपासा.

मी चाल बदलली, कॉर्ड नाही बदलले. एफ आणि एफ मायनर दोन्हींत सा आहे. म्हणून गायकांना सांगितलं, पहिले चारही बार तुम्ही वरच्या सा वरच राहा, आवाज न चढवता, बोलल्यासारखं. "जा म्हणालो... मीच, बांधीत उभा राहून" हे सगळं एकाच सुरावर. धैवत खाली बदलेल, तो माझ्यावर सोडा. पाचव्या बारला मात्र सा सोडून नि वर यायलाच हवं, कारण ई मायनरवर सा धरून ठेवला तर तो नि ला घासतो. "तू वळून पाहिलंस" नि वरून प वर, आणि "मी नाही" मधल्या रे वर टांगलेलं. ध्रुवपद ग पासून सुरू होत होतं, म्हणजे एकाच पायरीवर. अंतऱ्यात गायक त्या वरच्या सा ला नुसते शिवून परत येत, इथे ते त्याच्यावर उभे राहिले. दुसऱ्या फेरीलाच बसलं. मास्तर काही बोलले नाहीत, पण पेटीवर कोमल धैवत धरला नाही, त्या दोन बारांत नुसता सा देत राहिले. योगायोगाने तेच सगळ्यात चांगलं वाजलं.

पहिल्या दोन प्रयोगांना हा ब्रिज होता. साकोलीकडच्या प्रयोगात ढोलक थांबला तेव्हा मंडपात मागे कोणाचं तरी लेकरू रडत होतं तेवढं ऐकू आलं, दुसरा आवाज नाही. तिसऱ्या प्रयोगाआधी निर्माता म्हणाला, नाटक लांबतंय, हे बोलणं काढा आणि शेवटी पट्टी चढवा, टाळ्या येतील. चढवली. सी वरून डी, मधे ए सेव्हन्थ टाकून. टाळ्या आल्या, खोटं कशाला बोलू. पण बाप जे कबूल करतो ते नाटकातून गेलं, आणि पुढच्या अंकात मुलगा परत येतो तेव्हा बाप त्याच्या पाया पडतो, ते कोणालाच कळेनासं झालं. पट्टी चढवल्याने गाण्याचा जोर वाढतो, अर्थ जागचा हलत नाही. हा वाद मी तेव्हा हरलो. आज कोणी विचारलं की पहिलं हेच सांगतो.

तुमच्या जीमध्ये हेच कॉर्ड सी, सी मायनर, बी मायनर, डी असे होतील. गिटारवर तर माझ्यापेक्षा सोपं आहे : सी मायनरची बार तिसऱ्या फ्रेटवर धरा आणि बी मायनरसाठी तीच पकड एक फ्रेट मागे सरकवा. तिन्ही सूर एकदम उतरतात ते हाताला जाणवेल. शेवटी डी सेव्हन्थ.

एक राहिलं. तुमच्या अंतऱ्यात किंवा कोरसमध्ये सी मायनर आधीच येऊन गेला असेल तर ब्रिजमध्ये त्याचा काही उपयोग होणार नाही, कानाला तो ओळखीचा झालेला असतो. अशा वेळी ब्रिज ए मायनरवर सुरू करा आणि ते दोन बार दुसरीकडे शोधा. गाणं लग्नाचं, नाचायचं असेल तर कोमल धैवत मुळीच नको, तिथे पट्टी खुशाल चढवा, फक्त गायकाचा वरचा सूर आधी विचारून घ्या. आणि आठ बार हा काही नियम नाही. माझ्या बापाला तेवढ्यात बोलून झालं, तुमच्या माणसाला चारच बार पुरतील कदाचित.