दिल्लीतील विनावेतन इंटर्नशिपसाठी शिष्यवृत्तीचा निबंध कसा लिहावा?

प्रश्न: मी लातूरला पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षात आहे. सर्वोच्च न्यायालयात काम करणाऱ्या एका वकिलांकडे इंटर्नशिप मिळाली आहे, पण मानधन नाही. दिल्लीतल्या खर्चासाठी एका ट्रस्टकडे अर्ज करायचा आहे आणि त्यांनी ५०० शब्दांचा निबंध मागितला आहे. त्यात नेमके काय लिहू?

उत्तर:

मी परभणीचा. विद्यार्थी असताना याच कामासाठी दोन ठिकाणी अर्ज केले होते. पहिला नाकारला गेला, दुसरा मंजूर झाला. पुढे काही वर्षे एका छोट्या शिष्यवृत्ती निधीसाठी आलेले निबंध वाचण्याचे कामही माझ्याकडे होते. त्या अनुभवावरून पहिली सूचना अशी की, निबंधाला हात लावण्यापूर्वी खर्चाचे अंदाजपत्रक तयार करा. बहुतेक विद्यार्थी निबंध आधी लिहितात आणि अंदाजपत्रक शेवटच्या रात्री भरतात. मग निबंधात एक माणूस दिसतो, आकड्यांत दुसरा.

अंदाजपत्रकासाठी आधी तारखा ठरवाव्या लागतात आणि इथेच पहिली चूक होते. उन्हाळ्याची सुट्टी सोयीची म्हणून अनेक जण जून महिना लिहितात, परंतु मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज अंशतःच चालते आणि डिसेंबरच्या शेवटीही न्यायालय बंद असते. न्यायालयात बसून सुनावणी ऐकणे हा तुमचा हेतू असेल, तर वाचणारा वकील तारखा पाहूनच ओळखतो की अर्जदाराने चौकशी केलेली नाही. कालावधीचेही तसेच आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप आवश्यक आहे, पण एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. आठ आठवड्यांसाठी पैसे मागणारा अर्ज या एका कारणाने बाजूला पडलेला मी पाहिला आहे.

माझे चार आठवड्यांचे अंदाजपत्रक असे होते: रेल्वेचे जाणे-येणे १,६०० रुपये, दोघांच्या खोलीतील राहणे ८,५००, जेवण ५,०००, मेट्रो आणि बस १,६००, झेरॉक्स आणि छपाई ८००, म्हणजे एकूण १७,५००. आज हे आकडे नक्कीच वाढलेले असतील, तेव्हा ते उतरवून घेऊ नका. दोन-तीन पेइंग गेस्ट चालकांना स्वतः फोन करून दर विचारा. मी यातील ३,५०० रुपये स्वतः घालणार असल्याचे आणि १४,००० हवे असल्याचे लिहिले होते. स्वतःचा वाटा कितीही लहान असला तरी तो दाखवावा, कारण उरलेली रक्कम खरोखर मोजून मागितली आहे हे त्यावरून कळते. शिवाय खोलीचे डिपॉझिट विसरू नका. ते परत मिळत असल्याने मागणीत धरू नये, पण पहिल्या दिवशी द्यावेच लागते, म्हणून ते कुठून आणणार हे एका वाक्यात सांगावे. ट्रस्ट पैसे आधी देतो की पावत्या पाहून नंतर, हेही अर्जापूर्वीच विचारून घ्या. नंतर मिळणारी रक्कम कितीही मोठी असली तरी तिच्यावर दिल्लीचे तिकीट निघत नाही.

आता निबंध. माझ्या नाकारलेल्या अर्जाची सुरुवात "सर्वोच्च न्यायालय हे न्यायाचे सर्वोच्च मंदिर असून तेथे काम करण्याचे माझे लहानपणापासूनचे स्वप्न आहे" अशी होती. त्यानंतर घरच्या परिस्थितीवर दीड पान होते. परिस्थिती खरी होती, पण दिल्लीला जाण्याची गरज त्यातून कुठेच सिद्ध होत नव्हती. ट्रस्टच्या मनातला प्रश्न साधा असतो: हे काम लातूरला किंवा औरंगाबाद खंडपीठातल्या वकिलांकडे का होऊ शकत नाही? ५०० शब्दांतले निदान २०० शब्द या एका प्रश्नाला द्या.

दुसऱ्या अर्जात मी भूसंपादनाच्या मोबदल्याचे उदाहरण घेतले. आमच्या भागात तलावासाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्यांनी तेव्हा लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी जिल्ह्याच्या न्यायालयात दाद मागितलेली असे, तिथून अपील खंडपीठात जाई आणि काही प्रकरणे दिल्लीपर्यंत पोहोचत. जिल्हा न्यायालयातील पुरावा मी पाहिला होता. तोच पुरावा शेवटच्या टप्प्यावर विशेष अनुमती याचिकेत कसा मांडला जातो, सारांश आणि तारखांची यादी कशी तयार होते, हे त्या याचिका तयार करणाऱ्या कार्यालयातच शिकता येते. पुढे मी लिहिले की सातबारा, फेरफार आणि पंचनामे मराठीत असतात, सर्वोच्च न्यायालयात त्यांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते आणि ते कागद वाचता येत असल्यामुळे त्या कार्यालयाला माझा पहिल्या आठवड्यापासून उपयोग होईल. मला वाटते, मंजुरी याच परिच्छेदाने मिळवून दिली. तुमचा विषय वेगळा असेल, पण तुमच्या गावापासून दिल्लीपर्यंत जाणारा असा एखादा खरा धागा शोधा. तो सापडत नसेल, तर संबंधित वकिलांना फोन करून विचारा की चार आठवडे नेमके कोणते काम द्याल. त्यांचे उत्तर हाच निबंधाचा कच्चा माल आहे.

घरच्या परिस्थितीसाठी तीन-चार वाक्ये पुरतात आणि ती आकड्यांत असावीत: घरातील कमावणारे किती, वार्षिक उत्पन्न किती, शिकणारी भावंडे किती. करुण वर्णन टाळा. वाचणाऱ्यांपुढे असे वर्णन असलेले अर्ज गठ्ठ्याने असतात आणि त्यांतून कोणाची गरज अधिक आहे हे ठरवता येत नाही.

परत आल्यावर काय कराल, या भागात "समाजाची सेवा करीन" असे लिहू नका. महाविद्यालयाच्या विधी साहाय्य केंद्रासाठी, वाढीव मोबदल्याच्या अर्जाला कोणते कागद लागतात याची दोन पानी मराठी टिपण तयार करीन, असे मी लिहिले होते आणि नंतर ती दिलीही. मात्र एक मर्यादा पाळा. कार्यालयात पाहिलेले पक्षकारांचे कागद गोपनीय असतात, म्हणून त्यांवर आधारित अहवाल देण्याचे वचन ट्रस्टला कधीही देऊ नका. असे वचन वाचले तर तुम्हाला बोलावणारे वकीलच काळजीत पडतील.

शेवटचा परिच्छेद पुन्हा पैशांचा असावा. मागितलेल्यापेक्षा कमी रक्कम मिळाली तर काय कराल, हे स्पष्ट लिहा. "१४,००० ऐवजी १०,००० मिळाले, तर मी तीन आठवड्यांसाठी जाईन आणि वकिलांनी त्यास संमती दिली आहे," हे वाक्य मी लिहिले होते आणि ती संमती त्यांच्या पत्रातच घेतली होती. तुम्हीही त्यांच्याकडून तारखा, कामाचे स्वरूप आणि मानधन नसल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले पत्र आजच मागून घ्या, कारण वकिलांच्या कार्यालयातून असे पत्र हातात पडायला दोन-तीन आठवडे सहज लागतात.