सोने मोडताना: घट एकदाच धरायची

मशिनवर धरून दोन मिनिटांत कॅरेट सांगतात. खरे मानायचे का? – एक वाचक, भुसावळ

अंदाजापुरते. मशिन वरचा पापुद्राच वाचते, आतली लाख त्याला दिसत नाही. डाकाच्या सांध्यावर धरले की कॅरेट कमी दाखवते, म्हणून तीन-चार जागी धरायला लावा.

आईच्या ३० ग्रॅमच्या पाटल्या मोडायच्या आहेत. एक जण पूर्ण भाव देतो, पण ६ टक्के घट धरतो. दुसऱ्याचा भाव ग्रॅममागे ३०० रुपयांनी कमी आहे. कुणाला देऊ? – एक वाचक, चोपडा

दर महिन्याला हाच गोंधळ माझ्यापुढे येतो, म्हणून हिशेबच मांडतो. हिशेबापुरता शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० आणि पाटल्यांचा टंच, म्हणजे शंभर भागांत शुद्ध सोने किती तो आकडा, ९१ धरू.

पहिला ३० ग्रॅममधून ६ टक्के कापतो, उरतात २८.२. त्यावर ९१ टंच, म्हणजे शुद्ध सोने २५.६६२ ग्रॅम. रक्कम २,५६,६२०. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात २ टक्के सेवा शुल्क असेल, तर हातात साधारण २,५१,४८८.

दुसरा समोर गाळतो. समजा गाळून २९.६ ग्रॅम भरले. टंच ९१, भाव ९,७००. रक्कम २,६१,२७९. भाव कमी असूनही जवळपास ९,८०० रुपये जास्त!

घट म्हणजे जळालेला मळ, लाख आणि डाकातले हिणकस. ती गाळल्यावर वजनात आपोआप दिसते. गाळल्यानंतरच्या वजनावर पुन्हा टक्के कापणारा तुमचे सोने दोनदा कापतो. दुसरी चलाखी म्हणजे २२ कॅरेटचा भाव लावून वर पुन्हा ९१ टंच धरणे. टंच धरायचा तर भाव २४ कॅरेटचाच हवा.

गाळताना मुशीवर नजर ठेवा. टाकणखाराच्या काचेत सोन्याचे बारीक मणी अडकतात. मूस खरवडून ते वजनात घ्यायला सांगा.

तरी माझ्या आकड्यांवर पाटल्या देऊ नका. आधी बीआयएस मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात तपासणी करून घ्या, मग दोन्ही सराफांना भेटा.

गाळल्यावर रक्कम पटली नाही तर? – एक वाचक, अमळनेर

सही करण्याआधी विचारायचे, नंतर नाही. गाळलेली लगड परत मिळेल का, तिचे शुल्क किती, भाव सहीच्या वेळचा की गाळल्यानंतरचा, हे तिन्ही कागदावर लिहून घ्या. तोंडी 'काळजी करू नका' याला किंमत नाही. लगडीला दागिन्याचा घाट राहत नाही, म्हणून शंका असेल तर गाळूच देऊ नका.

सगळे पैसे रोख मिळतील का? – एक वाचक, पारोळा

२ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला कायद्याने मनाई आहे. रक्कम खात्यात घ्या आणि कराबद्दल तुमच्या सीएंना विचारा.